१,८०० रुपयांचा प्रश्न आणि ३८ हजारांची चूक

*आम्ही चौघं, म्हणजे मी, भाऊ, आई (६३) आणि बाबा (६७), चवथ झाल्यावर दहा दिवस स्वित्झर्लंडला जातोय. खर्च ९ लाख, पैकी ६ लाख भरले. एजंटने प्रत्येकाचा ५० हजार डॉलरचा प्रवास विमा काढलाय, पॉलिसी सोबत पाठवतेय. मी आणि भाऊ इंटरलाकेनला पॅराग्लायडिंग करणार, त्यासाठी १,८०० रुपयांचं जादा कव्हर घ्यावं का? बाबांना तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला होता, पण आता ते ठणठणीत आहेत, म्हणून एजंटने फॉर्मवर ‘आजार नाही’ असं लिहिलं. प्रवास विमा झालाय आणि दीनदयाळचं कार्ड आहे, म्हणून आई-बाबांच्या मेडिक्लेमचे ३८ हजार यंदा भरले नाहीत. मुदत बारा दिवसांपूर्वी संपली.*
*– एक वाचक, फोंडा*

ताई, पॅराग्लायडिंगचं नंतर बघू. आधी उद्याच मेडिक्लेमचे ३८ हजार भरा.

वार्षिक हप्त्याला मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असते. तुमचे अठरा दिवस उरलेत. एवढ्यात भरलंत तर जुनी पॉलिसी तशीच पुढे चालू राहते. फक्त मधल्या दिवसांतल्या आजारपणाचे पैसे मिळत नाहीत. सवलत संपली की ६७ वर्षांच्या, स्टेंट बसवलेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात. प्रवास विमा तर घरी परतल्यावर संपतो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड जरूर जपून ठेवा, पण ते ठरावीक उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयांतच चालतं. त्याच्या भरवशावर मेडिक्लेम सोडायचा नसतो.

आता तो फॉर्म. बाबा ठणठणीत आहेत ते रोजच्या गोळ्यांमुळे, आणि विमा कंपनीच्या लेखी हृदयविकार हा आधीपासूनचा आजारच आहे. तिकडे छातीत दुखलं तर डॉक्टर पहिल्यांदा जुने कागद विचारतील. स्टेंट त्यात दिसेल आणि माहिती लपवली म्हणून कंपनी क्लेम नाकारेल. हप्ता वाढू नये म्हणून एजंटने ‘नाही’ लिहिलं असेल, तर त्याने तुमचे हजार-दोन हजार वाचवून बाबांचा सगळा विमा घालवला. निघण्याआधी कंपनीला ईमेल करून स्टेंटची आणि गोळ्यांची माहिती कळवा आणि दुरुस्तीचं एन्डॉर्समेंट लेखी मागा.

खरं सांगितल्यावर किती मिळेल, तेही बघा. तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या चौथ्या पानावर लिहिलंय की आधीपासूनच्या आजारात फक्त जीव वाचवण्यापुरता तातडीचा उपचार, आणि तोही १,५०० डॉलरपर्यंत. डॉलर ९० रुपये धरला तर हे १ लाख ३५ हजार होतात. स्विस रुग्णालयात ते एक-दोन दिवसांत संपतील. शिवाय साठीपुढच्यांना खोली, आयसीयू, सर्जन यांच्या वेगवेगळ्या मर्यादा आहेत. म्हणजे पहिल्या पानावरचे ५० हजार डॉलर बाबांच्या हृदयासाठी नाहीतच. शेंगेन व्हिसाला ३० हजार युरोचं कव्हर लागतं, तेवढं दाखवायला ही पॉलिसी पुरते. रुग्णालयाचं बिल भरायला पुरेल असा तिचा अर्थ नाही. आधीपासूनच्या आजाराची मर्यादा मोठी असलेली पॉलिसी बाबांपुरती वेगळी घ्या. दोन-चार हजार जास्त जातील.

सहल रद्द झाली तर पैसे परत येतील, ही आशाही सोडा. तुमच्या पॉलिसीत माणशी १,००० डॉलर आहेत, चौघांचे मिळून साडेतीन लाखांच्या आसपास. तेही ठरावीक कारणांनीच: विमाधारकाचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, गंभीर आजाराने रुग्णालयात दाखल होणं, नैसर्गिक आपत्ती. व्हिसा नाकारला, रजा मिळाली नाही, ही कारणं त्यात नाहीत. जुन्या आजारामुळे रद्द झालेली सहलही वगळलेली आहे, म्हणजे तुमच्या घरात जे कारण घडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमकं तेच. म्हणून एजंटकडून रद्द करण्याचे नियम लेखी घ्या: किती दिवस आधी सांगितलं तर किती कापणार. उरलेले ३ लाख व्हिसा हातात आल्यावरच द्या, त्याआधी मागत असेल तर ठाम नकार द्या.

पॅराग्लायडिंगचं कव्हर घ्या. मूळ पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले आहेत. उतरताना पाय मोडला तर शस्त्रक्रियेचा सगळा खर्च तुमच्या खिशातून जाईल. पैसे भरण्याआधी त्या जादा कव्हरच्या अटींत पॅराग्लायडिंग हा शब्द छापलाय का ते बघा. काही कंपन्या परवानाधारक प्रशिक्षकासोबतचंच उड्डाण धरतात, म्हणून तिकडे प्रशिक्षकाबरोबर टॅन्डम उडा आणि पावती सांभाळून ठेवा.