आधी तिच्यासमोरचा फॉर्म बघ

प्रिय मित्रा,

आधीच्या टीममधल्या मॅडमना नोकरीसाठी लिहिलेला तुझा मसुदा वाचला. ‘नमस्कार मॅडम, कशा आहात? बऱ्याच दिवसांत बोलणं नाही. मी नोकरी बदलायच्या विचारात आहे. तुमच्या कंपनीत माझ्यासारख्याला काही असेल तर बघाल का? रेझ्युमे जोडला आहे.’ आणि खाली मला विचारलंयस, की अडीच वर्षं साधी चौकशी केली नाही, आता कामापुरतं तोंड कसं दाखवू? आधी चार दिवस गप्पा माराव्यात का?

नको मारूस. दुसऱ्या मेसेजलाच तिला कळेल की गाडी कुठे चाललीय, आणि मग तू मुद्द्यावर येईपर्यंत तिला उगाच ताटकळत बसावं लागेल. मधल्या अडीच वर्षांनी काही बिघडत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1973 साली ओळखीतून नोकरी मिळालेल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांची ती ओळख अधूनमधून भेटणाऱ्या माणसाची होती, रोजच्या उठबशीतली नव्हती. कारण साधं आहे. रोजच्या माणसांना ज्या जागा ठाऊक असतात, त्या बहुधा आपल्यालाही ठाऊक असतात.

तेव्हा तुझा संकोच बाजूला ठेव. मला राग आलाय तो ‘काही असेल तर बघाल का’ या वाक्याचा. या एका वाक्यात तू तिच्यावर किती काम टाकलंस बघ. तिने कंपनीच्या जागांची यादी उघडायची, तुला काय जमतं ते आठवायचं, त्यातली एक जागा निवडायची आणि मग तुझ्याबद्दल काय लिहावं हेही स्वतःच शोधायचं. दिवसभराचं काम उरकून हे कोण करणार? ती ‘हो, बघते’ म्हणेल, मनापासून म्हणेल आणि विसरेल. मग तू म्हणशील, माणसं बदलतात.

रेफरल द्यायचं, म्हणजे आपल्या कंपनीत तुझं नाव सुचवायचं, तर तिला नक्की काय करावं लागतं, हे कधी बघितलंयस? बहुतेक मोठ्या कंपन्यांत एक फॉर्म असतो. त्यात पदाचा क्रमांक, उमेदवाराचं नाव, ईमेल, फोन आणि रेझ्युमेची फाइल असते. पुढचे प्रश्न खरे: तुम्ही याला कसं ओळखता, किती काळ बरोबर काम केलं आणि या पदासाठी हा योग्य का वाटतो. तो फॉर्म डोळ्यासमोर ठेवून लिही. ज्या रकान्याचं उत्तर तुझ्या मेसेजमध्ये नाही, तिथे ती अडकणार आणि ‘उद्या भरू’ म्हणून खिडकी बंद करणार.

शेवटच्या रकान्याबद्दल मी जरा हट्टी आहे, त्याचं कारण सांगते. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्याने गळ घातली म्हणून मी त्याला रेफर केलं. त्याच्याबरोबर मी एक दिवसही काम केलेलं नव्हतं, तरी ‘कामात चोख’ असं ठोकून दिलं. मुलाखतीनंतर भरतीवाल्या मुलीने मला शांतपणे विचारलं, ‘तुम्ही त्याचं कोणतं काम पाहिलं होतं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी पाठवलेल्या दोन चांगल्या मुलींचे रेझ्युमे तसेच पडून राहिले. ते माझ्यामुळेच, असं मी अजून मानते. तेव्हापासून जे काम मी पाहिलं नाही, त्याबद्दल एक ओळही लिहीत नाही. लोक मला शिष्ट म्हणतात. म्हणोत. माझ्या शब्दाला काही किंमत उरली तरच तो तुझ्या कामाचा ना?

म्हणून तिने जे स्वतः पाहिलंय, तेवढंच तिच्या हातात दे. तुझ्या रेझ्युमेत बारा गोष्टी आहेत. तिने त्यातली एकच पाहिलीय: महिनाअखेरीला पुरवठादारांची खाती जुळवायला टीमला तीन दिवस लागायचे, तू शीट नव्याने बांधलीस आणि ते काम एका दिवसावर आलं. ते जुळवलेले हिशेब तिच्याच टेबलावर जायचे. गेल्या वर्षीचं तुझं बक्षीस तिने पाहिलेलं नाही, ते रेझ्युमेतच राहू दे.

असं काहीतरी लिही:

‘नमस्कार मॅडम. तुमच्या कंपनीत फायनान्स अ‍ॅनालिस्टची जागा निघाली आहे, तिचा क्रमांक आणि लिंक खाली देतो. मला तिथे अर्ज करायचा आहे. आपण दीड वर्ष एका टीममध्ये होतो. खातेजुळवणीचं माझं काम तुम्ही जवळून पाहिलंत आणि या जागेतही मुख्य काम तेच दिसतं. त्या आधारावर मला रेफर करणं तुम्हाला योग्य वाटेल का? काम नीट आठवत नसेल किंवा सध्या जमण्यासारखं नसेल, तर मोकळेपणाने सांगा, मी थेट अर्ज करेन. अर्जाची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत आहे. उपयोगी पडेल म्हणून चार ओळी खाली लिहिल्या आहेत, हव्या तशा बदला.’

त्या चार ओळी तुझ्याबद्दल पण तिच्या तोंडून आलेल्या वाटायला हव्यात: ‘हा माझ्या टीममध्ये दीड वर्ष होता. महिनाअखेरीची जुळवणी त्याने तीन दिवसांवरून एका दिवसावर आणली. आकडा जुळला नाही तर तो लपवत नसे, आधी येऊन सांगत असे.’ ‘मेहनती’, ‘होतकरू’ असलं काही नको. शेवटचं वाक्य खरं आहे का, हे मात्र स्वतःला विचार. खरं नसेल तर काढून टाक.

नकाराची वाट उघडी ठेवायला तू बिचकशील. अरे, जिला ‘नाही’ म्हणता येत नाही ती नुसती गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्यात तुझी मुदत निघून जाते. पाच-सहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर, तीही मुदतीच्या दोन दिवस आधी. मग थेट अर्ज कर आणि विषय सोड.

आता खरी घाई. तू लिहिलंयस की अर्जाचं पान भरून तयार आहे, फक्त बटण दाबायचं राहिलंय. थांब! अनेक कंपन्यांच्या यंत्रणेत उमेदवाराचा अर्ज आधी आला, की नंतरचं रेफरल धरलंच जात नाही. ‘हा उमेदवार आमच्याकडे आहे’ असा संदेश येतो. म्हणजे ती बिचारी फॉर्म भरायला बसेल आणि तोंडघशी पडेल. काही ठिकाणी उलट असतं: तिने नाव घातल्यावर तुला ईमेलने लिंक येते, आणि त्या लिंकवरून तू अर्ज पूर्ण केला नाहीस तर रेफरल अर्धवट राहतं. म्हणून ती ‘हो’ म्हणाली की एवढंच विचार, ‘आधी मी अर्ज करू की तुम्ही नाव घालताय?’ आणि स्पॅमचा फोल्डर बघत राहा.

इतकं करून हाती काय येतं? बहुधा इतकंच, की तुझा रेझ्युमे कुणीतरी उघडून वाचतं. मुलाखत तुलाच द्यायची आहे. ती झाली की निकाल काहीही लागो, तिला दोन ओळींत कळव. मी हे एकदा केलं नव्हतं. नोकरी लागली नाही म्हणून लाजेने गप्प राहिले, आणि ज्यांनी माझं नाव घातलं होतं त्यांना ते भरतीवाल्यांकडून कळलं. ते काही बोलले नाहीत. त्यांना पुन्हा काही विचारायचं धाडस मला झालं नाही.

सुधारलेला मसुदा उद्या मला पाठव. आणि ‘रेझ्युमे नवीन फायनल 2’ असं त्या फाइलचं नाव आहे ना, ते बदलून तिथे तुझं नाव आणि पद घाल. ती फाइल तिच्या डाउनलोडमध्ये जाऊन पडणार आहे.

तुझी,
ताई