अवतरण कुठे द्यावं, आपले शब्द कुठे वापरावेत : मुलाखतीच्या गोषवाऱ्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कारखान्यात लागलेल्या आगीबद्दल एका निवृत्त कामगार बाईंची मुलाखत रेकॉर्ड केली आहे. त्या म्हणतात, "मागच्या दाराला कुलूप होतं. मी नाही बघितलं, पण आमच्यातले सगळे म्हणत होते. साहेबांना माहीत होतं की नाही, ते… माहीत असणारच ना. आता किल्ली कुणाकडे असायची?" आरोप गंभीर आहे, म्हणून गोषवाऱ्यात मी लिहिलं : 'व्यवस्थापकांनी मागचे दार कुलूपबंद ठेवले होते, असे त्यांनी सांगितले.' शब्दशः देण्यापेक्षा हे सुरक्षित ना?

नाही. आरोप सौम्य करायचा म्हणून तुम्ही आपले शब्द घेतलेत आणि तो नेमका त्यामुळेच कडक झाला. बाईंच्या बोलण्यात 'कुणी कुलूप लावलं' हे कुठेच नाही. "कुलूप होतं" एवढंच आहे. बोलताना मराठीत कर्ता सहज गाळता येतो आणि ऐकणाऱ्याचं काही अडत नाही. गोषवारा लिहायला बसलं की मात्र वाक्य अर्धवट वाटायला लागतं, मग आपण कर्ता भरतो. तुम्ही भरलेला कर्ता 'व्यवस्थापकांनी' आहे, आणि तो बाईंनी दिलेला नाही. शिवाय "मी नाही बघितलं" हे गळलं, त्यामुळे ऐकीव गोष्ट साक्षीसारखी दिसते. शेवटी बाई तर्क करत होत्या, तुमच्या वाक्यात तो तर्क घटना होऊन बसला.

मी हा उतारा दोन भागांत हाताळला असता. पहिला भाग आपल्या शब्दांत, कारण तिथे काय पाहिलं आणि काय ऐकलं हे वेगळं काढायचं आहे : 'मागच्या दाराला कुलूप असल्याचे त्यांनी सहकाऱ्यांकडून ऐकले होते, स्वतः पाहिले नव्हते.' दुसरा भाग शब्दशः : 'व्यवस्थापकांना हे माहीत होते का, यावर त्या म्हणतात, "माहीत असणारच ना. आता किल्ली कुणाकडे असायची?" (००:४१:१८)'. हा प्रश्न त्यांच्याच शब्दांत राहिला पाहिजे. त्यात ठाम खात्री आहे आणि पुरावा नसल्याची कबुलीही आहे. आपल्या भाषेत उतरवताना या दोहोंपैकी एक हमखास निसटतं. 'त्यांना शंका होती' लिहिलं तर खात्री जाते, 'त्यांनी आरोप केला' लिहिलं तर अनिश्चितता जाते.

म्हणून माझा नियम असा : माणूस काय घडलं ते सांगत असेल तर आपले शब्द, आणि सांगता सांगता अंदाज, दोषारोप किंवा निवाडा करू लागला की त्याचे शब्द.

अवतरणचिन्हं घातली म्हणून जबाबदारी मात्र संपत नाही. दुसऱ्याचं बदनामीकारक विधान जसंच्या तसं छापणाराही अनेक देशांच्या कायद्यात अडकू शकतो. व्यवस्थापक ओळखता येण्याजोगे असतील आणि गोषवारा सर्वांना खुला होणार असेल, तर तिसरा मार्ग आहे : 'आगीच्या रात्री मागच्या दाराची स्थिती; सहकाऱ्यांकडून ऐकलेली माहिती (००:४०:५०पासून)' अशी नुसती विषयनोंद करा आणि मजकूर मूळ रेकॉर्डिंगमध्येच राहू द्या. वाचकाला काय कुठे सापडेल एवढं सांगितलं तरी गोषवाऱ्याचं काम होतं.

प्रश्न : "हो, आमची फार काळजी घ्यायचे ते," असं एक आजोबा मालकांबद्दल म्हणतात आणि हसतात. रेकॉर्डिंग कागदावर उतरवणाऱ्याने हसणं टिपलेलं नाही. हे वाक्य उद्धृत करू का?

उतरवलेला मजकूर बाजूला ठेवा आणि रेकॉर्डिंग ऐका. त्या वाक्याच्या आधीची दोन-तीन मिनिटं आणि नंतरचंही थोडं. आधी थकलेल्या पगाराचा विषय चालू असेल तर हा उपरोध आहे, आणि नुसतं अवतरण दिलंत तर शब्द अगदी बरोबर असूनही अर्थ पूर्ण उलटा छापला जाईल. अशा वेळी आपले शब्द सुरक्षित : 'मालक काळजी घेत नसत, हे ते उपरोधाने सांगतात.'

पण 'उपरोधाने' हा तुमचा निर्णय आहे, हे विसरू नका. काही माणसं संकोचानं हसतात, काही जुन्या आठवणीनं. ऐकूनही खात्री होत नसेल तर निर्णय घेऊच नका, जे ऐकू येतं तेच लिहा : 'या प्रश्नावर ते हसून "फार काळजी घ्यायचे" एवढंच म्हणतात.' इथे अवतरण आणि वर्णन दोन्ही लागतात, एकट्या कुणाचं भागत नाही.

प्रश्न : अवतरणातलं 'म्हणजे', 'आपलं ते', अडखळणं काढून टाकलं तर चालतं का? नेमकं कुठे थांबायचं?

अडखळणं आणि पालुपदं काढायला हरकत नाही, फक्त तसं केल्याचं गोषवाऱ्याच्या सुरुवातीला एकदा सांगा. मर्यादेबद्दल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९१चा एक निकाल उपयोगी आहे. जेफ्री मॅसन या मनोविश्लेषकांनी लेखिका जॅनेट माल्कम यांच्यावर खटला भरला होता. आपल्या तोंडी घातलेली अवतरणं टेपवर नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयानं म्हटलं की शब्द बदलले एवढ्यानं विधान खोटं ठरत नाही, बदलानं अर्थात लक्षणीय फरक पडला पाहिजे. तो निकाल बदनामीच्या कायद्यापुरता. गोषवारा लिहिणाऱ्यानं याहून कडक राहावं, कारण त्याच्या वाचकाला मूळ ऐकायला बहुधा वेळ नसतो.

दोन गोष्टी मी कधीच करू देत नाही. टिंबं देऊन अट गाळायची नाही : "पैसे वेळेवर आले असते तर मी राहिलो असतो" याचं "…मी राहिलो असतो" होता कामा नये. आणि वीस मिनिटांच्या अंतरानं बोललेली दोन वाक्यं एका अवतरणात जोडायची नाहीत. दोन अवतरणं करा, दोन टाइमकोड द्या.

बोलीचं थोडं वेगळं आहे. "व्हतं"चं "होतं" करून ते अवतरणचिन्हांत ठेवणं मला पटत नाही. बोली ठेवायची तर सगळीकडे ठेवा. एकाचीच बोली आणि मुलाखतकाराची प्रमाण भाषा असं झालं की त्या माणसाची थट्टा केल्यासारखं दिसतं. तसं होत असेल तर सरळ आपल्या शब्दांत लिहा. कंसात खुलासे घालत सुटावं लागत असेल तेव्हाही तेच. एका वाक्यात दोनदा चौकटी कंस लागला की ते अवतरण सोडून द्यायचं, असं मी ठरवून टाकलं आहे.

प्रश्न : साल 'एकोणसाठ' म्हणाले की 'एकोणसत्तर', ते नीट ऐकू येत नाही. काय लिहू?

अवतरण नको. 'साल अस्पष्ट (००:१२:०७)' असं लिहा आणि प्रसंगाचं वर्णन आपल्या शब्दांत करा. बाहेरच्या कागदपत्रांतून साल कळलं तर ते तुमची टीप म्हणून वेगळं द्या, बोलणाऱ्याच्या तोंडी घालू नका. साल स्वच्छ ऐकू येत असेल पण चुकीचं असेल, तर 'त्यांच्या आठवणीनुसार' म्हणून त्यांनी सांगितलेलंच ठेवा आणि बरोबर साल शेजारी द्या.