डायनासोरची सावली आणि आजीची नजर

तुमच्या कथेचा कच्चा खर्डा वाचला. नातू सहलीच्या छायाचित्रात डायनासोर बसवतो आणि ते पाहून आजी किंचाळते, इथेच नवोदितांची नेहमीची चूक झाली आहे. आजीला भाबडी करून हसू मिळवणे सोपे असते. परंतु वर्षानुवर्षे घरातले अल्बम जपणारी बाई छायाचित्र नातवापेक्षा बारकाईने पाहते. तिला खोट कळू द्या, आणि ती कोणती हे आधी तुम्ही ठरवा.

समजा, सतरंजीवरच्या मंडळींच्या सावल्या डावीकडे पडल्या आहेत, मुलाने मात्र डायनासोरची सावली उजवीकडे काढली आहे आणि त्याच्या पायांखालचे गवत जराही दबलेले नाही. आजी चष्मा पुसून एवढेच विचारते, "ह्याच्यापुरता सूर्य दुसरीकडून उगवला होता का रे?"

दुसरी गोष्ट प्राण्याच्या निवडीची. चित्रपटातला दातवाला डायनासोर सगळेच घेतात. त्याऐवजी चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावजवळ ज्याचे जीवाश्म सापडले, तो शाकाहारी डायनासोर आयसिसॉरस घ्या; म्हणजे मुलाला "हा आपल्याकडचाच आहे" असे ठासून सांगता येईल.

शेवट मात्र समजावणीने करू नका. एवढे मोठे जनावर चित्रात आले, की मागचे कोणीतरी झाकले जाणारच, हे मुलाच्या ध्यानात आलेले नसते. आजीला ते दिसते: "सगळं ठीक आहे, पण माझी धाकटी जाऊ कुठे गेली?" मुलगा निमूटपणे मूळ छायाचित्र उघडतो, तिथेच थांबा.