गाड्यांची मार्कोव्ह साखळी: स्थिर संभाव्यता हाताने

प्रश्न: बस दर आठवड्याला चांगली, झिजलेली किंवा बंद असते. चांगलीची झिजलेली होण्याची संभाव्यता ०.१, झिजलेलीची बंद होण्याची ०.२, बंद बस पुढच्या आठवड्यात दुरुस्त होऊन चांगली होते. ८० बसपैकी सरासरी किती बंद राहतील?

उत्तर: ५. ही मार्कोव्ह साखळी आहे, म्हणजे बसची पुढच्या आठवड्याची स्थिती फक्त आत्ताच्या स्थितीवर ठरते. प्रत्येक स्थितीत दर आठवड्याला येणाऱ्या आणि तिथून जाणाऱ्या गाड्या सारख्या धरा. दीर्घकाळात बस चांगली, झिजलेली किंवा बंद असण्याच्या स्थिर संभाव्यतांना अनुक्रमे च, झ, ब म्हणू.

झिजलेलीसाठी ०.१च = ०.२झ, म्हणून झ = च/२. बंदसाठी ०.२झ = ब, म्हणून ब = च/१०. चांगलीसाठीचं तिसरं समीकरण या दोहोंतूनच निघतं, त्यातून नवं काही मिळत नाही. बरेच जण इथेच अडकतात. त्याच्या जागी च + झ + ब = १ घ्या. मग १.६च = १, म्हणजे च = ०.६२५, झ = ०.३१२५, ब = ०.०६२५. ८० बसमध्ये ५०, २५ आणि ५.

पडताळाही सोपा आहे. गाडी सरासरी १० आठवडे चांगली, ५ झिजलेली आणि १ बंद राहते. १६ आठवड्यांच्या फेऱ्यात १ बंद, म्हणजे तेच १/१६.

मात्र गाडी किती आठवडे झिजलेली आहे, हे ही साखळी लक्षात ठेवत नाही. नोंदवहीत बराच काळ झिजलेल्या गाड्या जास्त बंद पडताना दिसल्या, तर ‘झिजलेली’चे दोन टप्पे करून समीकरणं पुन्हा मांडा.