लोअर केस म्हणजे 'लहान लिपी' नव्हे

प्रश्न: "कवी ई. ई. कमिंग्ज यांचं नाव इंग्रजीत 'लहान लिपीत'च लिहायचं असतं ना? आणि त्यांच्या कवितेचा अनुवाद करताना हे मराठीत दाखवायचं कसं?"

'लहान लिपी' हा प्रयोग आधी सोडून द्या. रोमन लिपी एकच आहे, तिच्यात मोठी आणि लहान अक्षरं आहेत. 'लोअर केस'मधली केस म्हणजे छपाईच्या खिळ्यांची लाकडी पेटी. ते खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यासमोर उतरत्या घोडीवर दोन पेट्या असत, वरचीत मोठी अक्षरं आणि खालचीत लहान. खालच्या पेटीतले खण सारखे नसत. इंग्रजीत 'ई' सर्वांत जास्त लागतो, म्हणून त्याचा खण सर्वांत मोठा. कारागिराचा हात कुठे जातो, यावरून अक्षराच्या रूपाला नाव पडलं!

नावाचं उत्तर: नाही. कमिंग्ज कधी कधी लहान अक्षरांत सही करत, हे खरं. पण १९५१ मध्ये त्यांच्या फ्रेंच अनुवादकाने विचारलं तेव्हा त्यांनी मोठी अक्षरंच सांगितली. मोकळीक दिली ती एवढीच, की मुद्रकाला हवं तर आद्याक्षरांमध्ये जागा सोडावी. त्यांनी कायद्याने नाव बदलून घेतल्याचं १९६४ च्या एका प्रस्तावनेत छापलं गेलं. पत्नी मॅरियन यांनी ते साफ नाकारलं. पुढे १९९२ मध्ये अभ्यासक नॉर्मन फ्रीडमन यांनी यावर स्वतंत्र लेख लिहिला. तरीही पुस्तकांची वेष्टणं जुनीच चूक गिरवतात.

लहान अक्षर कवितेत आहे, विशेषतः 'मी' या अर्थाच्या 'आय'मध्ये. 'इंग्रज अहंकारी, म्हणून त्यांचा मी मोठा' असं ठासून सांगणाऱ्यांनी एकदा जुनी हस्तलिखितं पाहावीत. तिथे 'आय' म्हणजे एक आखूड उभा फराटा. 'एन'चे असे दोन, 'एम'चे तीन. 'मिनिम' शब्द लिहिला की दहा सारखे फराटे ओळीने उभे. त्या गर्दीत एकटा 'आय' हरवू नये म्हणून लेखनिक तो लांब ओढू लागले, आणि छपाईने ती सवय पक्की केली. म्हणजे मोठेपणा आला तो वाचनाच्या सोयीसाठी. मात्र एकदा तो नियम झाल्यावर कमिंग्ज यांचा लहान 'आय' लगेच डोळ्यांत भरतो. नियमच नसता तर त्या लहान अक्षराला काही अर्थ उरला नसता.

आता १९२० मध्ये 'द डायल' मासिकात आलेली त्यांची वसंतातल्या फुगेवाल्याची कविता घ्या. फुगेवाला तीनदा येतो. आधी तो लंगडा, मग विचित्र म्हातारा, शेवटी बोकडपायाचा. त्याची शिट्टी सांगणारे तेच शब्द पहिल्या दोन वेळा रुंद जागा सोडून आडवे पसरतात, तिसऱ्या वेळी एकाखाली एक उतरतात. नेमकं तिसऱ्याच वेळी 'बलूनमॅन'च्या मधला 'एम' मोठा होतो. बोकडपाय आणि शिट्टी म्हणजे ग्रीकांचा बोकडपायांचा देव पॅन. पण मला 'एम' जास्त महत्त्वाचा वाटतो. तोवर विक्रेत्याच्या नावात दडलेला पुरुष तिथे उघडा पडतो. हा फुगेवाला म्हणजे निव्वळ निरागस वसंतदूत, असं शिकवणाऱ्यांनी ते एक अक्षर वाचलेलंच नसतं.

अनुवादात मोकळी जागा जशीच्या तशी आणता येते. मजकूर डावीकडे जुळवा. दोन्ही कडा सरळ केल्यात, तर संगणक शब्दांतल्या जागा स्वतःच ताणतो आणि कवीने सोडलेली जागा ओळखू येत नाही. वेबपानावर सलग जागांची एकच जागा होते, म्हणून त्या मजकुराला हे लावा:

```
white-space: pre-wrap;
```

याच कवितेतल्या मुलांची नावं कवीने जागा न सोडता जोडली आहेत. 'एडीआणिबिल' असं लिहा. एकाच शिरोरेषेखाली दोन मुलं धावत येतात, इंग्रजीपेक्षाही ते मराठीत जास्त सलग दिसतं.

मोठा 'एम' मात्र देवनागरीत येणार नाही. ठळक टाइप वापरू नका, त्याने शब्दावर जोर येतो, शब्दाचं रूप बदलत नाही. मी पहिल्या दोन जागी 'फुगेवाला' आणि तिसऱ्या जागी 'फुगेपुरुष' लिहीन. 'वाला' जाऊन पुरुष पुढे येतो, आणि शब्द जोडलेलाच राहतो.

कमिंग्ज इतर कवितांत शब्दाची एकेक अक्षरं ओळींवर सांडतात, तिथे जपून. मराठी शब्द तोडायचा तर पूर्ण अक्षरावर तोडा. नुसती मात्रा पुढच्या ओळीवर टाकली की पडद्यावर तिच्याशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं, आणि वाचक त्याला कवीचं चिन्ह समजतो.