पतसंस्थेत कर्ज अर्जांना गुण देताना किती गुणांना मंजूर ठेवावं?

प्रश्न: सोलापुरात पतसंस्थेत आहे. पाच निकषांना वजन देऊन एक्सेलमध्ये १०० पैकी गुण काढतो. किती गुणांना मंजूर आणि किती गुणांना नामंजूर ठेवावं?

उत्तर: ५०, ७५ असे आकडे कुणीही सांगेल. घोळ त्याच्या आधीच होतो.

समजा वजनं अशी आहेत: परतफेडीची क्षमता ३५, सिबिल २५, तारण २०, धंद्याची वर्षं १०, जामीनदार १०. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेलवाल्याचा अर्ज आला. महिन्याची निव्वळ कमाई ६०,०००, चालू हप्ते २२,०००, नवा हप्ता २०,०००. म्हणजे ७०% कमाई हप्त्यातच जाणार. हप्ते ४०% पर्यंत असतील तर क्षमतेला पूर्ण गुण आणि ८०% ला शून्य, असं धरलं तर याला १०० पैकी २५ मिळतात, ३५ च्या वजनाने पावणेनऊ. सिबिल ७८० चे २०, बाकी तिन्हींत पैकीच्या पैकी ४०. बेरीज ६८.७५. मंजुरीची रेषा ६५ वर असेल तर अर्ज पास! घरखर्चाला उरतात १८,०००, आणि मागणी पडली की पहिला हप्ता आपलाच चुकतो.

इथे संचालक मंडळी हमखास म्हणतात, "तारण भक्कम आहे, काळजी कसली?" हे मला कधीच पटलेलं नाही. तारणाने हप्ता येत नाही, कलम १०१ चा दाखला काढून मागे धावावं लागतं. एका निकषाची उणीव दुसऱ्याने भरून निघू नये असं वाटत असेल, तर त्याचं वजन वाढवून भागत नाही. त्याला बेरजेबाहेर स्वतंत्र अट लावा. याच टॉवेलवाल्याची मुदत वाढवून हप्ता १२,००० केला तर प्रमाण ५७% च्या आत येतं आणि बेरीज ८० वर जाते.

दुसरी गोची सिबिल -१ ची. म्हणजे वाईट इतिहास नव्हे, इतिहासच नाही. पण ३०० ते ९०० च्या पट्टीत -१ घातलं की साडेबारा गुण वजा होतात. बाकीच्या ७५ पैकी ६० मिळवणारा पोरगा ४७.५ वर येऊन नामंजूर होतो. तिथे ६० ला ७५ ने भागून ८०% धरा आणि अर्ज तपासणीत टाका.

B2 मध्ये हप्त्यांचं प्रमाण, C2 मध्ये सिबिल, F2 मध्ये बेरीज:

```
=IF(OR(B2>60%,C2<300),"तपासणी",
 IF(F2>=75,"मंजूर",IF(F2<50,"नामंजूर","तपासणी")))
```

अटी आधी, बेरीज नंतर. हा क्रम उलटला तर अटीला अर्थ नाही.

७५ आणि ५० हे माझे अंदाज. तुमच्या फिटलेल्या आणि थकलेल्या जुन्या कर्जांना हेच गुण देऊन थकबाकी कुठून वाढते ते बघा, रेषा तिथे ओढा. मधला पट्टा कर्ज समिती खरोखर वाचू शकेल एवढाच ठेवा, नाहीतर तपासणीचा शेरा म्हणजे उशिरा दिलेली मंजुरी ठरते. आणि हो, सेलमध्ये दशांश लपवले असतील तर ७४.६ हे ७५ दिसतं पण शेरा तपासणीचा येतो, मग काउंटरवर भांडण. F2 मध्येच ROUND लावा.