'गुणक' कोसळतो म्हणजे नेमके काय होते?

प्रश्न : 'मनी मल्टिप्लायर'साठी 'द्रव्यगुणक' हा शब्द वाचला. मुदत ठेवी आणि जादा राखीव निधीमुळे तो बदलतो आणि बँकांच्या संकटात तो 'कोसळला', असेही त्यात होते. गुणक म्हणजे एक संख्या. ती कोसळेल कशी? शब्द चुकला आहे का?

उत्तर : शब्द चुकलेला नाही, पण तो दिशाभूल करतो. शाळेत आपण गुण्य, गुणक आणि गुणाकार शिकलो, आणि तिथे गुणक आधी दिलेला असे. द्रव्यगुणक कोणी देत नाही. लोकांकडची रोकड आणि बँकांतील ठेवी मिळून होणाऱ्या द्रव्याला, मध्यवर्ती बँकेने निर्माण केलेल्या मूळ द्रव्याने (म्हणजे लोकांकडची रोकड अधिक बँकांचा राखीव निधी) भागले की तो हाती येतो. अर्थात नाव गुणकाचे असले, तरी वस्तू भागाकाराची आहे, आणि भागाकार घसरला की भाज्य घटले की भाजक वाढला हे आधी विचारावे लागते.

समजा, चालू-बचत खात्यांतील दर १०० रुपयांमागे लोक ४० रुपये रोख बाळगतात आणि २०० रुपये मुदत ठेवीत ठेवतात. बँकांना पहिल्या प्रकारच्या ठेवींवर १० टक्के आणि मुदत ठेवींवर ३ टक्के राखीव ठेवावे लागते असे धरले, तर राखीव निधी १० अधिक ६, म्हणजे १६ रुपये, आणि मूळ द्रव्य ५६ रुपये होते. रोकड आणि खात्यांतील ठेवी मिळून १४० रुपये, म्हणजे गुणक अडीच. मुदत ठेवी नसत्या, तर मूळ द्रव्य ५० रुपये आणि गुणक २.८ झाला असता. मुदत ठेवी ज्यात मोजल्या जात नाहीत, त्या संकुचित द्रव्याचा गुणक त्यांच्यामुळे असा कमी होतो. पण त्याच ठेवी द्रव्यात मोजल्या, तर विस्तृत द्रव्याचा गुणक ३४० भागिले ५६, म्हणजे सहाच्या थोडा वर जातो. म्हणून नुसते 'द्रव्यगुणक' लिहिणे मला अपुरे वाटते. कोणत्या द्रव्याचा, हे सांगितलेच पाहिजे.

आता बँकांकडे सक्तीच्या १६ रुपयांखेरीज ८४ रुपये जादा राखीव साठले असे धरू. मूळ द्रव्य १४० रुपये होते आणि अडीच पटीचा गुणक बरोबर एकावर येतो, जरी लोकांच्या खात्यातला एक रुपयाही कमी झालेला नाही. अमेरिकेत २००८ मध्ये घडले ते याच जातीचे. ऑगस्टमध्ये तिथल्या बँकांचा जादा राखीव निधी जेमतेम दोन अब्ज डॉलर होता. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाल्यावर फेडरल रिझर्व्हने मोठ्या प्रमाणावर कर्जे दिली, ऑक्टोबरपासून राखीव निधीवर व्याजही सुरू केले, आणि डिसेंबरपर्यंत तो साडेसातशे अब्जांच्या पुढे गेला. मूळ द्रव्य जवळजवळ दुप्पट झाले, संकुचित द्रव्य मात्र थोडेसेच वाढले, आणि त्याचा गुणक एकाच्याही खाली उतरला. बँकांनी पैसा दडवला, असे यावर सर्रास लिहिले जाते. ते मला पटत नाही. एका बँकेने कर्ज दिले की तो राखीव निधी दुसऱ्या बँकेकडे जातो. लोकांनी रोकड काढली नाही, तर सगळ्या बँका मिळून त्यातून सुटू शकत नाहीत. ठेवी वाढल्या तर फक्त 'जादा' भागाचा 'सक्तीचा' होतो.

१९२९ ते १९३३ मधली अमेरिकेतली घसरण वेगळी होती. तिथे मूळ द्रव्य घटले नव्हते, उलट वाढले होते. पण लोकांनी ठेवी काढून रोकड घरी नेली, उरलेल्या बँकांनी धास्तीने जादा राखीव बाळगला आणि एकूण द्रव्य एक तृतीयांशाहून अधिक आटले. ठेवीदाराची ही धास्ती पुण्यातही मी जवळून पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी एका सहकारी बँकेत पैसे काढण्यावर मर्यादा आली, तेव्हा शेजारच्या सुस्थितीतल्या बँकेतही लोक एफडी मोडायला रांगेत उभे राहिले. माझ्या पुढच्या आजींनी नोटा दोनदा मोजून पिशवीत ठेवल्या आणि पिशवी पदराखाली घेतली. पिशवीतला रुपया द्रव्यात एक रुपया म्हणूनच मोजला जातो. तोच बँकेच्या राखीव निधीत असता, तर दहा टक्क्यांच्या हिशेबाने दहा रुपयांच्या ठेवींना आधार देऊ शकला असता.

म्हणून १९३३ पर्यंतच्या घटनेला 'गुणक कोसळला' म्हणणे योग्य, कारण तिथे भाज्यच ढासळले. २००८ बद्दल मी 'मूळ द्रव्य फुगल्याने गुणक उतरला' असे लिहीन. राहिला एकाखालचा गुणक. त्याने अडखळण्याचे कारण नाही, 'पाऊणपट' हा शब्द मराठीत पूर्वीपासून आहेच.